एअरोटरच्या नळीतलं पाणी

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या एका बालरुग्णालयाने जॉर्जिया राज्याच्या आरोग्य खात्याला एक विचित्र गोष्ट कळवली. जबडा सुजलेली, मानेत गाठ आलेली काही लहान मुलं त्यांच्याकडे दाखल झाली होती. नेहमीच्या अँटिबायोटिक्सनी कुणालाच उतार पडत नव्हता. गाठीतून काढलेल्या नमुन्यात ‘मायकोबॅक्टेरियम अॅबसेसस’ हा जंतू निघाला. हा क्षयरोगाच्या जंतूचा नातेवाईक आहे, पण सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. तो पाण्यात आणि मातीत राहतो. मुलांची चौकशी करता करता एक धागा सापडला. सगळ्यांच्या दुधाच्या दातावर एकाच दवाखान्यात ‘पल्पोटॉमी’ झाली होती.

पल्पोटॉमी म्हणजे कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली की नसेचा वरचा भाग काढून टाकायचा, आतली जागा धुवायची, औषध भरायचं आणि वर टोपी बसवायची. आपल्याकडेही मुलांच्या दातांच्या दवाखान्यात हे रोजचं काम आहे. जॉर्जियातल्या त्या दवाखान्यात दात पोखरताना आणि आतली जागा धुताना वापरलं जाणारं पाणी साध्या नळाचं होतं आणि ते खुर्चीच्या नळ्यांमधून येत होतं. नळ्यांचं निर्जंतुकीकरण होत नव्हतं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणीही कधी झाली नव्हती. आरोग्य खात्याच्या लोकांनी सातही खुर्च्यांचं पाणी तपासलं. अशा पाण्याच्या एका मिलिलीटरमध्ये जास्तीत जास्त ५०० जंतू चालतात. तिथली सरासरी निघाली ९१,३३३. पाण्यात सापडलेल्या मायकोबॅक्टेरियमचा जनुकीय ठसा मुलांच्या गाठीतल्या जंतूशी जुळला.

पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइम इथे हेच जास्त मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथे खात्रीचे आणि संशयित मिळून ७१ रुग्ण मोजले गेले. मुलांना आठवडेच्या आठवडे शिरेतून औषधं द्यावी लागली, काहींचे उगवायचे असलेले कायमचे दात काढावे लागले, काहींच्या जबड्याच्या हाडाचा भाग खरवडावा लागला. एवढं रामायण दुधाच्या दातावरच्या अर्ध्या तासाच्या उपचारातून झालं.

या दोन्ही शहरांत नळाला येणारं पाणी पिण्याजोगंच होतं, हे इथे लक्षात घ्यायला हवं. ते बिघडलं दवाखान्यात आल्यावर, खुर्चीच्या पोटात.

दातांच्या खुर्चीच्या खाली आणि मागे पातळ प्लास्टिकच्या नळ्यांचं जाळं असतं. एक नळी एअरोटरला जाते, म्हणजे सूंऽऽ आवाज करत दात कोरणाऱ्या यंत्राला. एक पाणी आणि हवा मारणाऱ्या सिरिंजला, एक दात साफ करणाऱ्या स्केलरला. या नळ्यांचा आतला व्यास साधारण दोन मिलिमीटर असतो. खुर्चीच्या मुळापासून हँडपीसच्या टोकापर्यंत सहा मीटर नळी धरली, तर तिच्यात मावणारं पाणी जेमतेम १९ मिलिलीटर, म्हणजे चार चहाचे चमचे. पण नळीची आतली भिंत उलगडून पसरली तर ती एफोर कागदाच्या अर्ध्या पानापेक्षाही मोठी भरते. बादलीतलं पाणी बादलीच्या भिंतीला जेवढं लागतं, त्याच्या जवळजवळ शंभरपट या नळीतलं पाणी भिंतीला लागून असतं. आणि जंतूंना मुक्काम करायला भिंतच लागते.

शिवाय अशा बारीक नळीत पाणी शांत थरांनी वाहतं. मधोमध वेग सगळ्यात जास्त आणि भिंतीला चिकटून जवळजवळ शून्य. म्हणजे एअरोटर जोरात चालू असतानाही भिंतीलगतचा जंतू जागचा हलत नाही. तो तिथे चिकटतो, स्वतःभोवती चिकट द्रव सोडतो, त्यात आणखी जंतू येऊन बसतात. काही दिवसांत माठाच्या आतून येतो तसा बुळबुळीत थर तयार होतो. यालाच बायोफिल्म म्हणतात. एखाद्या मेकॅनिकने जुन्या खुर्चीची नळी बदलली असेल, तर काढलेला तुकडा ब्लेडने उभा चिरून बघण्यासारखा असतो. बाहेरून पारदर्शक दिसलेल्या नळीत आतून नखाने खरवडता येईल असा करडा-पिवळसर साय धरलेला थर निघू शकतो. त्यातून आलेलं पाणी मात्र ग्लासात धरलं तर नितळ दिसतं. वास येत नाही, चव लागत नाही. एका मिलिलीटरमध्ये लाखभर जंतू असले तरी पाणी गढूळ दिसत नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेत येत नाही. तशी ती नवी नाही. १९६३ मध्ये ब्रिटनमधल्या ब्लेक यांनी दातांच्या यंत्रांच्या पाण्यात भरमसाठ जंतू असल्याचं लिहून ठेवलं होतं.

थर जमतो तो पाणी थांबल्यावर. अगदी गर्दीचा दवाखाना धरला, तरी एका नळीतून प्रत्यक्ष पाणी दिवसात तास-दीड तासच वाहतं. उरलेले बावीस-तेवीस तास तेच चार चमचे खोलीच्या तापमानाला उभे असतात. नगरपालिकेच्या पाण्यात थोडं क्लोरीन असतं. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं असायला हवं. पण एवढंसं क्लोरीन एवढ्या मोठ्या भिंतीशी झटापट करण्यात लवकरच खर्ची पडतं. रविवार गेला, गणपतीची किंवा दिवाळीची सुट्टी गेली, की नळीत जंतूंना खायला-प्यायला आणि वाढायला मोकळं रान. मार्च २०२० नंतर दवाखाने कित्येक आठवडे बंद राहिले, तेव्हा त्या बंद खुर्च्यांच्या नळ्यांत काय झालं असेल याचा अंदाज यावरून बांधता येतो. अशा दीर्घ बंदनंतर नुसतं पाणी सोडून कामाला लागणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

आता आपल्याकडचा हमखास ऐकू येणारा खुलासा: “आम्ही नळाचं पाणी वापरतच नाही, बाटलीत आरओचं किंवा डिस्टिल्ड वॉटर भरतो.” बऱ्याच खुर्च्यांना आता एक-दोन लिटरची स्वतंत्र बाटली असते. कंप्रेसरची हवा तिच्यावर दाब देते आणि पाणी नळीत जातं. गच्चीवरच्या टाकीपासून आणि टँकरच्या पाण्यापासून सुटका होते, नळीत क्षार बसत नाहीत, हे फायदे खरेच आहेत. पण बाटली नवी असली तरी पुढची नळी तीच असते. शंभर टक्के निर्जंतुक पाणी जरी बायोफिल्म बसलेल्या सहा मीटर नळीतून नेलं, तरी दुसऱ्या टोकाला ते जंतू घेऊनच उतरतं. उलट आरओच्या पाण्यात उरलंसुरलं क्लोरीनही नसतं, म्हणजे जंतूंना अटकाव करणारं काहीच नाही. शिवाय बाटली धुतली नाही, तोंडाशी हात लावून भरली, रात्रभर अर्धी तशीच ठेवली, की जंतूंची भर तिथूनच पडते. बाटली ही फक्त औषध घालायची सोयीची जागा आहे. औषध घातलंच नाही, तर तिचा उपयोग निम्म्याहून कमी.

दुसरा खुलासा असतो पाणी सोडण्याचा. सकाळी प्रत्येक नळीतून दोन मिनिटं आणि दोन पेशंटच्या मध्ये २० ते ३० सेकंद पाणी सोडावं, हा सल्ला योग्यच आहे. एअरोटर मिनिटाला साधारण ५० मिलिलीटर पाणी टाकतो, म्हणजे अर्ध्या मिनिटात नळीतलं जुनं पाणी निघून नवं आलेलं असतं. एअरोटर थांबतो त्या क्षणी तो तोंडातली लाळ-रक्त थोडं आत ओढू शकतो. तेही यात बाहेर पडतं. पण भिंतीवरचा थर मात्र जिथल्या तिथे राहतो, आणि थोड्याच वेळात त्याच्यावरून सुटलेले जंतू नव्या पाण्यात मिसळतात. सकाळी पाणी सोडून ‘नळी साफ झाली’ असं समजणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

मग थर काढायचा कसा? दोन पायऱ्या आहेत आणि दोन्ही लागतात. पहिली जबर मात्रेची, म्हणजे ‘शॉक’. दुसरी रोजची हलकी मात्रा. शॉकसाठी प्रत्येक कंपनीचं स्वतःचं औषध असतं, आणि खुर्चीच्या मॅन्युअलमध्ये जे सांगितलंय तेच वापरायला हवं, कारण चुकीच्या रसायनाने नळ्या कडक होतात, रबराच्या रिंगा फुगतात, धातूचे भाग गंजतात. ज्या खुर्च्यांना ब्लीच चालतं असं कंपनीच लिहून देते, त्यांच्यासाठी एक भाग बिनवासाचं घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण वापरतात.

उदाहरण म्हणून चार नळ्यांची खुर्ची घ्या. चारही नळ्यांत मिळून साधारण ७५ मिलिलीटर मावतं, म्हणून २० मिलिलीटर ब्लीच आणि १८० मिलिलीटर पाणी एवढं द्रावण पुरतं. शेवटचा पेशंट गेल्यावर आधी हँडपीस काढून घ्यायचे, ते ऑटोक्लेव्हला जातात. बाटली रिकामी करून द्रावण भरायचं, प्रत्येक नळी क्लोरीनचा वास येईपर्यंत चालवायची, मग दहा मिनिटं थांबायचं. वेळ वाढवून फायदा होत नाही, नुकसान होतं. दहा मिनिटांनी बाटली ओतून धुवायची, स्वच्छ पाणी भरायचं आणि प्रत्येक नळीतून किमान दोन मिनिटं सोडायचं. वर्षभर कुणी हात न लावलेल्या स्केलरच्या नळीतूनसुद्धा. न वापरलेली नळी ही खुर्चीची आंधळी गल्ली असते. औषध तिच्यात गेलं नाही, तर तिथला थर शाबूत राहतो आणि पुन्हा बाकीच्या नळ्यांत पसरतो.

शॉकनंतरच्या काही दिवसांत पाण्यात जंतू कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसू शकतात. मेलेला थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्याच्याबरोबर आतले जिवंत जंतूही बाहेर येतात. घाबरून औषध बदलण्याचं कारण नाही, शॉक पुन्हा द्यायचा. दोन-तीनदा देऊनही आकडा खाली येत नसेल, तर जुन्या नळ्या बदललेल्या बऱ्या. पण नुसत्या नळ्या बदलूनही भागत नाही. अॅनाहाइमच्या दवाखान्यात पाण्याची नवी यंत्रणा बसवल्यानंतर तिच्यातही पुन्हा जंतू सापडले होते. नवी नळी म्हणजे जंतूंसाठी कोरी भिंत. तिला पहिल्या दिवसापासून रोजची मात्रा लागते: चांदी किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या घटकांच्या गोळ्या, ज्या बाटलीतल्या पाण्यात विरघळतात आणि पेशंटच्या तोंडात गेल्या तरी चालतील इतक्या सौम्य असतात. मायकोबॅक्टेरियमला मेणचट कवच असतं आणि तो क्लोरीनला दाद देत नाही, त्यामुळे या मात्रेने तो हमखास मरेल असं नाही. थर जमू दिला नाही, तर त्याला राहायला जागा उरत नाही, एवढंच या उपायाचं बळ.

हे सगळं बरोबर चाललंय की नाही हे डोळ्यांनी ठरत नाही, मोजून ठरतं. इथे आपल्याकडे एक गंमत होते. डॉक्टर पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत देतात आणि ‘पिण्यास योग्य’ असा शेरा घेऊन येतात. ती तपासणी असते कोलिफॉर्म जंतूंची, म्हणजे पाण्यात सांडपाणी मिसळलंय का याची. बायोफिल्ममधले जंतू सांडपाण्याचे नसतात, ते पाण्यातलेच रहिवासी. ते या तपासणीत दिसणारच नाहीत. लॅबला ‘हेटरोट्रॉफिक प्लेट काउंट’ असं नाव घेऊन सांगावं लागतं, आणि तोही शक्यतो आर-टू-ए नावाच्या माध्यमावर, खोलीच्या तापमानाला आठवडाभर ठेवून. या जंतूंना कमी अन्नाची आणि थंडाव्याची सवय असते. नेहमीच्या पोषक माध्यमावर ३५ अंशाला दोन दिवस ठेवलं की त्यातले बरेच उगवतच नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो.

नमुना घेण्याचीही पद्धत आहे. आधी पाणी सोडायचं, हँडपीस काढून नळीच्या टोकातून निर्जंतुक बाटलीत शंभर मिलिलीटर घ्यायचं. बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेलं असावं. नाहीतर पाण्यातलं क्लोरीन प्रवासातही जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटा छान येतो. बर्फाच्या पेटीत घालून चोवीस तासांच्या आत लॅबला पोचवायचं. आलेला आकडा मिलिलीटरला ५०० च्या आत असेल तर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २००३ च्या नियमांप्रमाणे साध्या उपचारांना पाणी चालतं. तिथल्या दंतवैद्यक संघटनेने १९९५ मध्ये त्याहून कडक, २०० चं ध्येय ठरवलं होतं. सुरुवातीला दर महिन्याला, सलग दोन-तीन रिपोर्ट चांगले आले की दर तिमाहीला एकदा तपासणी पुरते.

५०० चा आकडा साध्या उपचारांसाठी आहे: सिमेंट भरणं, दात साफ करणं, टोपी बसवणं. हाड कापायचं असेल, इम्प्लांट बसवायचा असेल, अक्कलदाढ काढायची असेल, तर खुर्चीच्या नळीतलं पाणी कितीही चांगलं असलं तरी चालत नाही. तिथे निर्जंतुक सलाइन, वेगळ्या निर्जंतुक सिरिंजने. मुलांच्या त्या दोन साथींनंतर हाच विचार उघड्या नसेलाही लागू झाला. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदाच केला, की उघड्या नसेवर वापरायचं पाणी निर्जंतुक किंवा जंतुनाशक गुण असलेलंच हवं. कारण सरळ आहे. तोंडात आलेलं अस्वच्छ पाणी आपण थुंकतो किंवा गिळतो, आणि निरोगी माणसाचं पोट ते सहज पचवतं. पण नसेच्या पोकळीत गेलेला जंतू औषधाखाली, टोपीखाली बंद होतो. तिथून हाडापर्यंत वाट मोकळी असते.

गिळण्याखेरीज पाणी आपल्यात जातं ते श्वासातून. एअरोटर आणि स्केलर पाण्याचे तुषार उडवतात. इटलीत फोर्ली इथल्या रुग्णालयात फेब्रुवारी २०११ मध्ये ८२ वर्षांच्या एक आजी न्यूमोनियाने दगावल्या. जंतू निघाला लिजिओनेला, जो पाण्याच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. आजारापूर्वीच्या दिवसांत त्या घराबाहेर पडल्या होत्या त्या फक्त दोनदा दातांच्या डॉक्टरकडे. घरच्या नळाला जंतू नव्हता, दवाखान्याच्या खुर्चीच्या नळीत आणि एअरोटरच्या पाण्यात होता, आणि जनुकीय तपासणीत तो आजींच्या जंतूशी जुळला. अशा घटना विरळा आहेत आणि त्या भीतीने दात दाखवायचे टाळणं हा शुद्ध वेडेपणा ठरेल. पण त्या विरळा दिसण्याचं एक कारण असंही आहे, की त्यांचा माग काढायलाच कुणी जात नाही. जॉर्जियातल्या मुलांना त्रास सुरू झाला तो उपचारानंतर साधारण दोन महिन्यांनी. आपल्याकडे मुलाच्या मानेत गाठ आली की पहिला संशय क्षयाचा. गाठीच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली क्षयासारखाच दिसणारा जंतू दिसला, तर तो क्षयाचा की त्याच्या पाण्यातल्या नातेवाइकाचा हे नुसत्या बघण्याने कळत नाही. त्यासाठी कल्चर किंवा जनुकीय चाचणी लागते. क्षयाच्या नेहमीच्या गोळ्या मात्र त्या दुसऱ्यावर चालत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी दाताची नस काढली होती का, हा प्रश्न विचारला गेला तरच धागा मिळतो.

आता सक्शनच्या नळीबद्दल. तिच्यातून पाणी आपल्याकडे येत नाही, आपल्याकडून जातं, म्हणून तिची काळजी कुणाला वाटत नाही. पण तोंडात अडकवलेली ती वाकडी, पातळ नळी ओठांत घट्ट मिटून पेशंटने थुंकी ओढायचा प्रयत्न केला, की तोंडातली हवा कमी होते आणि क्षणभर उलटा प्रवाह होऊन आधीच्या पेशंटचं राहिलेलं पाणी तोंडात येऊ शकतं. नळी पेशंटच्या डोक्यापेक्षा वर टांगलेली असेल तरी हेच होतं. चांगली असिस्टंट म्हणूनच सांगते, “मिटू नका, नुसतं ठेवा, ते आपोआप ओढतं.” प्रत्येक पेशंटनंतर टोक बदलायचं आणि ग्लासभर पाणी ओढून नळी धुवायची. दिवसाच्या शेवटी सक्शनसाठी बनवलेलं, फेस न येणारं जंतुनाशक कोमट पाण्यात विरघळवून अर्धा-एक लिटर ओढून द्यायचं आणि शक्यतो रात्रभर तसंच राहू द्यायचं. कढत पाणी नको, त्याने रक्तातली प्रथिनं नळीला शिजून चिकटतात. फेस येणारा साबणही नको. फेस मोटारीपर्यंत चढतो आणि मोटार बंद पडते. ब्लीचही इथे नको. जुन्या चांदीच्या भरावातला पारा सक्शनच्या गाळणीत साठलेला असतो, आणि ब्लीचने तो सुटून सांडपाण्यात जातो. ही गाळणी हातमोजे घालून रोज काढायची. सक्शन मंद झालंय अशी तक्रार असेल, तर दहात नऊ वेळा कारण तिथेच सापडतं.